जोतं किती उंच घ्यावं?

आमच्या गावच्या घराला पुढच्या दारी चार पायऱ्या होत्या. घर बांधलं १९८६ साली. त्या पायऱ्यांवर बसून आम्ही शेंगा फोडल्या, गणपतीत आरास केली, पाहुण्यांची वाट पाहिली. आज तिथे एकच पायरी उरली आहे. घर खचलेलं नाही, जागचं हललेलंही नाही. रस्ता वर आला. आधी खडीवर डांबर आलं, दर चार-सहा वर्षांनी त्यावर आणखी एक थर पडत गेला, आणि शेवटी सगळ्यावर काँक्रीटचा रस्ता झाला. जुना थर खरवडून काढायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. दीड फूट उंची अशी पस्तीस वर्षांत गिळली गेली.

पाणी घरात शिरलं ते मात्र दारातून नाही. रात्री पाऊस कोसळत होता, वडील उंबऱ्याशी पोती रचत होते आणि आई आतून ओरडली. न्हाणीघराच्या मोरीतून काळं पाणी बुडबुडत वर येत होतं. उंबरा कोरडा होता आणि स्वयंपाकघरात घोटाभर पाणी. वडिलांनी मोरीच्या तोंडावर पाटा ठेवला आणि त्यावर गव्हाचं पोतं. तरी कडेने पाणी येतच राहिलं. पुढे मी बांधकामाच्या धंद्यात आलो, पण जोत्याची उंची ठरवताना अजूनही मला आधी ती मोरी दिसते.

जोतं म्हणजे जमिनीपासून घराच्या फरशीपर्यंतचा उंचवटा. साइटवर सगळे त्याला प्लिंथ म्हणतात. कोकणात चिऱ्याचं जोतं, देशावर काळ्या दगडाचं, आता बहुतेक ठिकाणी विटांचं किंवा प्लिंथ बीम टाकून केलेलं. किती उंच घ्यायचं, याचं उत्तर बहुतेक साइटवर एका वाक्यात मिळतं: "रस्त्यापासून दीड फूट." वाक्य चुकीचं नाही, अपुरं आहे. कोणत्या रस्त्यापासून? आजच्या की वीस वर्षांनंतरच्या? आणि गटाराचं काय?

नियमही इथे पुरेसे पडत नाहीत. राष्ट्रीय इमारत संहितेत जोतं सभोवतालच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर हवं असं म्हटलं आहे. आता तुमचा प्लॉट रस्त्यापेक्षा दीड फूट खोल असला, तर या नियमाने बांधलेल्या घराची फरशी बरोबर रस्त्याच्या पातळीत येते. नियम पाळला गेला, नकाशा मंजूर झाला, आणि पहिल्या मोठ्या पावसात रस्त्यावरचं पाणी थेट उंबऱ्याला लागलं. सभोवतालची जमीन हे मोजमापाचं टेकणच पुष्कळदा चुकीचं ठरतं, कारण नव्या वसाहतीतले प्लॉट मूळचे शेतातले असतात आणि रस्ता भराव घालून केलेला असतो.

म्हणून उंची ठरवण्याआधी पातळ्या मोजाव्या लागतात. गेल्या काही वर्षांत मी केलेल्या कामांपैकी एक इथे सविस्तर सांगतो. तालुक्याच्या गावाबाहेर एका शिक्षक जोडप्याने चाळीस बाय साठ फुटांचा प्लॉट घेतला होता. काळी जमीन, समोर साडेपाच मीटर रुंदीचा डांबरी रस्ता, रस्त्याकडेला उघडं गटार आणि साधारण ऐंशी मीटरवर ओढा. गटार त्या ओढ्यात पडतं. प्लॉट त्यांनी पाहिला मे महिन्यात. मे महिन्यात सगळेच प्लॉट चांगले दिसतात.

पातळी मोजायला महागडं यंत्र लागत नाही. ऑटो लेव्हल असेल तर उत्तम, पण लेव्हल पाईप पुरतो. हाताच्या बोटाएवढी पारदर्शक प्लास्टिकची नळी घ्यायची, तीत पाणी भरायचं. दोन्ही तोंडं उघडी असली की दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीत उभं राहतं, मधे भिंत असो की खड्डा. एक माणूस खुणेपाशी, दुसरा जिथे मोजायचं तिथे. चालताना तोंडावर अंगठा, मोजताना अंगठा काढलेला. चूक होते ती दोन कारणांनी. नळीत हवेचा बुडबुडा अडकतो किंवा नळी कुठेतरी दुमडते. त्यामुळे मी दर वेळी मोजायच्या आधी दोन्ही टोकं शेजारी-शेजारी धरून पाहतो. पाणी समपातळीत आलं नाही तर नळी झटकून पुन्हा भरायची. पाण्यात चिमूटभर हळद किंवा नीळ टाकली की रेघ स्पष्ट दिसते.

मोजायला एक शून्य लागतो. आम्ही फाटकासमोरच्या रस्त्याचा मध्य शून्य धरला. पण रस्ता बदलणार, म्हणून तीच पातळी आम्ही दोन पक्क्या ठिकाणी उतरवली: ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर आणि समोरच्या घराच्या कुंपणभिंतीवर, मालकांना विचारून, लाल ऑइलपेंटने. झाडाच्या बुंध्यावर किंवा विजेच्या लाकडी खांबावर खूण करू नये. दुसरी खूण केली नाही तर पहिली रंगवण्यात पुसली गेल्यावर हातात काही राहत नाही, आणि कामाच्या मध्यावर हे घडलेलं मी दोनदा पाहिलंय.

मग एकेक आकडा मिळत गेला. प्लॉटची जमीन सरासरीने शून्याच्या ४५ सेंटिमीटर खाली, मागचा कोपरा तर ६० खाली. गटाराचा काठ १० खाली, कारण रस्ता मध्यापासून कडेला उतरता असतो. गटाराचा तळ ७० खाली. पण पहारीने तळ चाचपला तेव्हा खरा तळ लागायच्या आधी वीस सेंटिमीटर गाळ लागला. पाणी धरायला गटार साठ सेंटिमीटर खोल नव्हतं, चाळीसच होतं. गटाराची खोली मोजायची ती अशी, गाळासकट. नगरपालिकेच्या कागदावरची खोली पाऊस वाचत नाही.

गटाराचा तळ आम्ही तीन ठिकाणी मोजला: प्लॉटच्या वरच्या अंगाला, फाटकासमोर, आणि ओढ्यात पडतं तिथे. हे कोणी करत नाही आणि यातच गटाराचं खरं रूप कळतं. उतार ओढ्याकडे हवा. पुष्कळ गटारांना मधेच पोट पडलेलं असतं किंवा उतार उलटा असतो. मोजमापाशिवायही हे ओळखता येतं. पाऊस नसताना आठवडाभर गटारात हिरवं पाणी साचून असेल तर तिथे उतार नाही. आमच्या प्लॉटसमोर उतार होता, पण तुटपुंजा, ऐंशी मीटरला जेमतेम वीस सेंटिमीटर.

आता उरला महत्त्वाचा आकडा, पाणी किती वर येतं तो. हा आकडा नकाशात नसतो, माणसांकडे आणि भिंतींवर असतो. कोपऱ्यावरच्या घरातल्या आजींनी सांगितलं, "तीन वर्षांमागं परतीच्या पावसात ओढा फुगला तवा पाणी रस्त्यावर आलं होतं की. घोट्याच्या वर." त्यांच्या कुंपणाच्या भिंतीवर गिलाव्याचा रंग एका आडव्या रेघेखाली गढूळ झालेला होता, आणि काटेरी तारेत अजून वाळक्या गवताच्या काड्या अडकलेल्या होत्या, सगळ्या एकाच उंचीवर. नळी लावून मोजलं. शून्याच्या १२ सेंटिमीटर वर. माणसाची आठवण पाण्याची उंची वाढवते किंवा घटवते, पण काड्या आणि डाग दोन्ही आजींच्या बोलण्याशी जुळले. तिन्ही जुळत नाहीत तेव्हा मी आणखी दोन घरी विचारतो.

हे पाणी आलं कसं, तेही समजून घेण्यासारखं आहे. गटार भरून वाहिलं म्हणून रस्त्यावर पाणी आलं, असं सगळे म्हणतात. इथे उलट झालं होतं. ओढ्याचीच पातळी गटाराच्या तोंडाच्या वर गेली, त्यामुळे गटारातलं पाणी बाहेर पडेना, आणि मग ओढ्याचं पाणी गटारातून मागे यायला लागलं. आजींच्या सुनेने पाहिलं होतं, गटारातल्या प्लास्टिकच्या पिशव्या ओढ्याकडून घराकडे वाहत येत होत्या. याला आमच्याकडे फुगवटा म्हणतात. फुगवट्यात गटार कितीही स्वच्छ असलं तरी उपयोग होत नाही, कारण पाणी जायला खालची जागाच नसते. अशा ठिकाणी जोत्याला खरा शेजार ओढ्याचा असतो, गटार हा फक्त मधला रस्ता.

साइटवर आमचे गवंडीमामा होते, तीस वर्षांचा हात. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, "साहेब, रस्त्यापासनं दीड फूट घेतो. लाइनीतली सगळी घरं तेवढीच हायेत." म्हणजे शून्याच्या वर ४५ सेंटिमीटर. मी म्हटलं, मामा, आधी आकडे मांडू, मग तुम्हीच सांगा.

पहिली मागणी रस्त्याची. हा रस्ता आज डांबरी आहे. जवळच्या दोन गल्ल्यांत काँक्रीट झालेलं होतं, आणि दोन्हीकडे ते जुन्या डांबरावरच ओतलं होतं. आम्ही तिथे टेप लावून पाहिलं. जुन्या कडेपासून नवा माथा फूटभर वर होता. खाली भरलेला पातळ थर आणि वर वीस सेंटिमीटरच्या आसपास काँक्रीट, असं मिळून ते होतं. तेव्हा आपला रस्ताही ३० सेंटिमीटर वर येणार असं धरलं. त्यावर पावसात रस्त्यावरून वाहणारं पाणी, धरा १५ सेंटिमीटर. त्यातून टेम्पो किंवा एसटी गेली की लाट उठते आणि ती फाटकातून थेट आत येते, म्हणून आणखी १५. एकूण झाले ६०.

दुसरी मागणी ओढ्याची. खूण १२ वर. ती तीन वर्षांपूर्वीची, म्हणजे सर्वांत मोठी असेलच असं नाही. शिवाय आजूबाजूचे मोकळे प्लॉट भरले जातील तसं पाण्याला पसरायला जागा कमी होईल आणि पातळी चढेल. म्हणून वर ४५ सेंटिमीटर सोडायचे. झाले ५७.

तिसरी मागणी मोरीची. न्हाणीघर मागच्या बाजूला, गटारापासून चौदा मीटरवर. न्हाणीची फरशी घराच्या फरशीपेक्षा इंचभर खाली असते. तिच्या जाळीखाली जो ट्रॅप बसतो, त्याच्यातून पाईप बाहेर पडतो तो साधारण २५ सेंटिमीटर खोलीवर. पुढे पाईपला पन्नासाला एक उतार दिला तर चौदा मीटरला २८ सेंटिमीटर लागतात. म्हणजे घराच्या फरशीपासून गटारातल्या तोंडापर्यंत पाईप जवळपास ५५ सेंटिमीटर खाली उतरतो. ते तोंड गाळाच्या वर दहा सेंटिमीटर तरी उघडं हवं. रस्त्याबरोबर गटारही नव्याने बांधतात आणि त्याचा तळही तेवढाच वर आणतात असं धरून हिशेब केला, तर फरशी किमान ४५ वर हवी. मामांचे पंचेचाळीस इथे नेमके पुरले.

पण मोरीची दुसरीही परीक्षा असते, आणि आमचं गावचं घर त्यात नापास झालं होतं. गटार काठोकाठ भरलं, की पाईपमधलं पाणी त्याच पातळीवर मागे चढतं. लेव्हल पाईपमध्ये दोन्हीकडचं पाणी जुळतं, अगदी तसंच. गटाराचा काठ आणि न्हाणीची जाळी ही एकाच नळीची दोन तोंडं आहेत. गटाराचा काठ जाळीच्या वर गेला की दार बंद असूनही पाणी घरात. नव्या रस्त्याबरोबर गटाराचा काठ शून्याच्या २० वर येईल, त्यावर ३० सेंटिमीटरची सोय आणि न्हाणीचा तो एक इंच. झाले जवळपास ५३.

हे सगळं मी मामांना नळीवरच दाखवलं. नळीचं एक टोक गटाराच्या काठाशी धरलं, दुसरं न्हाणी येणार होती तिथल्या खुंटीशी. त्यांनी खुंटीकडे पाहिलं, गटाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजे आमच्या आळीत मागल्या साली सगळ्यांच्या मोऱ्या उसळल्या त्या ह्यामुळं." मग दीड फुटाचा विषय निघाला नाही.

सगळ्या मागण्यांत सर्वांत मोठी ६० ची. जोतं तेवढं ठरलं: रस्त्याच्या मध्यापासून दोन फूट वर, म्हणजे मूळ जमिनीपासून साडेतीन फूट. मागण्यांची बेरीज करायची नसते. त्यातली जी सर्वांत वर असेल ती पाळली की बाकीच्या आपोआप पाळल्या जातात.

मालकीणबाईंनी विचारलं, "सर, या अर्ध्या फुटाचा खर्च किती?" रास्त प्रश्न. घराचं तळाचं क्षेत्र हजार चौरस फूट. अर्धा फूट म्हणजे पाचशे घनफूट, म्हणजे पाच ब्रास मुरूम. दाबल्यावर पाच हवा, तर सैल मुरूम सहा ब्रासच्या वर मागवावा लागतो. त्याशिवाय जोत्याच्या भिंतीची अर्ध्या फुटाची वाढ आणि एक जादा पायरी. सगळ्या घराच्या खर्चात हा आकडा शोधावा लागेल इतका लहान आहे. आणि तो एकदाच करता येतो. अंगण पुढे कधीही भरता येतं, कुंपण वाढवता येतं, फाटक वर घेता येतं. जोतं वाढवता येत नाही. जॅक लावून अख्खं घर उचलण्याची कामं आता होतात, पण त्यात फरशा, नळ, दारं सगळं उखडतं आणि त्या खर्चापुढे सहा ब्रास मुरमाचं नाव काढायला नको.

उंच जोत्याची स्वतःची दुखणी असतात, तीही बोलून घेतली. साडेतीन फुटांचा भराव नीट दाबला नाही तर वर्षा-दोन वर्षांत फरशी बसते, कोपऱ्यातून पोकळ वाजायला लागते. आतून भरायला काळी माती घालू नये, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पायासाठी खणलेलीच माती परत आत ढकलण्याचा मोह फार होतो, कारण ती फुकट असते. आम्ही ती बागेसाठी मागे टाकली. मुरूम आठ-नऊ इंचांच्या थरांनी घालायचा, प्रत्येक थरावर पाणी मारायचं आणि धुमस करायचं, मग पुढचा थर. सगळा एकदम टाकून वरून पाण्याचा पाईप सोडून दिला की वरचा थर बसतो आणि खालचा तसाच भुसभुशीत राहतो. ओळखायचं असेल तर जाड सळई हातानं दाबून पाहायची. ती सहज वीतभर आत गेली तर थर दबलेला नाही.

दुसरं दुखणं चढणीचं. रस्त्यापासून दोन फूट चढायचे, तर स्कूटरसाठी सहाला एक असा उतार धरला तरी बारा फूट लांबीचा रॅम्प लागतो, आणि पुढे मोकळी जागा होती दहाच फूट. म्हणून गाडी घराच्या पातळीवर न्यायचा हट्ट सोडला. गाडी अंगणात, पत्र्याच्या छपराखाली, फक्त माणसांनी पायऱ्या चढायच्या. पायरी सहा इंचाची, चार पायऱ्या, आणि घरात म्हातारी माणसं येणार म्हणून एका बाजूला कठडा. जागा नसताना रॅम्प ओढून ताणून बसवला की तो गटारावर जातो, आणि मग गटारात दगड-माती भरून वर काँक्रीट ओतलं जातं. असा एक रॅम्प वरच्या अंगाच्या सगळ्या गल्लीचं पाणी अडवतो. फाटकासमोर गटारावर झाकण लागतंच, पण ते उचलता येईल असं, लोखंडी जाळीचं किंवा दोन तुकड्यांच्या स्लॅबचं हवं. खालचा गाळ काढायला हात गेला पाहिजे.

अंगणाचा हिशेब वेगळा. जमीन गटाराच्या काठापेक्षा पस्तीस सेंटिमीटर खाली होती, म्हणजे अंगण ही परात होती. जोतं उंच घेऊनही परातीत पाणी साचलं तर महिनाभर पायऱ्या पाण्यात राहतात, डास होतात आणि पायाला ओल धरते. आम्ही अंगण भरून घरालगत शून्यावर आणलं आणि फाटकाशी पाच सेंटिमीटर खाली उतरवलं. गटाराचा काठ दहा खाली, म्हणजे पाणी आपोआप बाहेर. उद्या रस्ता फूटभर वर आला तर अंगणही फूटभर भरता येईल. तरी दोन पायऱ्या शिल्लक राहतील. गावच्या घरात आमच्याकडे ही मुभाच उरली नव्हती. अंगण भरलं असतं तर ते उंबऱ्याला लागलं असतं.

मागचा कोपरा भरताना मात्र थांबावं लागलं. मागच्या दोन प्लॉटचं पावसाचं पाणी पूर्वापार या कोपऱ्यातून ओढ्याकडे जात होतं. आपण भराव घातला की ते पाणी मागच्या घराच्या दारात उभं राहणार. आम्ही कुंपणाच्या आतून दीड फूट रुंदीची मोकळी चारी काढून ते पाणी पुढच्या गटारापर्यंत नेलं. मालक आधी नाखूश होते, दीड फूट जागा जाते म्हणून. मागच्या शेजाऱ्यांनी येऊन पाहिलं, तेव्हा तेच म्हणाले, "सर, चारीची फरशी मी घालून देतो." या गोष्टी कागदावर कुठे येत नाहीत, पण भराव घातल्यावर शेजाऱ्याशी होणारी भांडणं मी भरपूर पाहिली आहेत, आणि ती सगळी पावसाळ्यातल्या रात्री सुरू होतात.

या सगळ्याला एक मर्यादा आहे, ती स्पष्ट सांगायला हवी. जोतं रस्त्याच्या आणि ओढ्याच्या पाण्यापासून वाचवतं, नदीच्या महापुरापासून नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत, २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी कित्येक घरांच्या पहिल्या मजल्याला टेकलं. तिथे दोन फूट की अडीच फूट या चर्चेला अर्थ नव्हता. नदीकाठी प्लॉट घेताना आधी पूररेषा पाहायची. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचंच नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये परवानगी मिळते तेव्हा जोतं लाल रेषेच्या पातळीच्याही ४५ सेंटिमीटर वर हवं. ही रेषा जमिनीवर कुठून जाते एवढंच विचारून भागत नाही. तुमच्या प्लॉटपाशी तिची पातळी किती, हा आकडा लेखी मागायचा आणि नळीने किंवा यंत्राने तो प्लॉटवर उतरवून घ्यायचा. पुष्कळदा तो आकडा डोक्याच्याही वर निघतो. मग जोत्याऐवजी खांबांवर घर बांधायचं की प्लॉटच सोडायचा, एवढाच प्रश्न उरतो.

ज्यांची घरं आधीच खोलात गेली आहेत, त्यांना जोतं बदलता येत नाही, पण मोरी सांभाळता येते. गावच्या घरी शेवटी आम्ही तेच केलं. घरातून गटाराकडे जाणाऱ्या पाईपवर कुंपणाच्या आत एक चेंबर बांधला आणि त्यात एकाच दिशेला उघडणारी झडप बसवली. पाणी बाहेर जाताना ती उघडते, गटारातून मागे रेटा आला की मिटते. झडप मिटलेली असताना घरातलं पाणीही बाहेर जात नाही, त्यामुळे मोठ्या पावसात न्हाणी आणि धुणं थांबवावं लागतं, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावं लागतं. तिच्यात केस, साबणाचा गाळ अडकला की ती अर्धवट उघडी राहते. म्हणून दर वर्षी मृगाच्या आधी वडील स्वतः चेंबरचं झाकण उचलून ती धुतात. दारासाठी उंबऱ्याच्या दोन्ही अंगांना खाचा पाडून फळी बसवण्याची सोय केली आहे. ती फळी आजवर दोनदा लागली.

शिक्षकांच्या घराचं जोतं पूर्ण झालं तेव्हा आत मुरूम पडण्याआधी मी पुन्हा नळी घेऊन गेलो. ही तपासणी भरावाआधीच करायची, कारण नंतर चूक सापडली तरी कोणी भिंत वाढवत नाही. पुलाच्या कठड्यावरची खूण आणि जोत्याचा माथा ताडून पाहिला. पश्चिमेचा कोपरा दीड सेंटिमीटर खाली निघाला, एका थराच्या मसाल्याने भरून निघेल इतका. मामांनी तो तिथल्या तिथे भरून घेतला. मग मालकांना नकाशाच्या मागच्या बाजूला सगळे आकडे लिहून दिले: शून्य कुठे, खुणा कुठे, गटाराचा काठ, तळ, पाण्याची खूण, जोतं. रस्त्याचं काम निघेल तेव्हा ठेकेदाराच्या माणसाला घेऊन समोरच्या लाल खुणेपाशी उभं राहायचं आणि विचारायचं, तुमचा नवा माथा या रेघेच्या किती वर येणार? काँक्रीट ओतण्याआधी, खडी पसरत असतानाच.